पोह्यांपासून कट्ट्यापर्यंत

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. माझी भाची, म्हणजे तिची लेक, एका मुलाला भेटून आली होती. स्थळ चांगलं, पत्रिका-बित्रिका दोन्हीकडे कुणी मानत नाही, फोटो आवडलेले, मेसेजवर बोलणंही झालेलं. भेट ठरली लोअर परळच्या एका मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात. दीड तासाने पोरगी लालबागला घरी आली ती थेट पलंगावर आडवी. "आई, मला हे परत जमणार नाही. सगळा इंटरव्ह्यू होता गं." आता येत्या रविवारी दुसऱ्या एकाला भेटायचंय आणि ती नको म्हणतेय.

ताई म्हणाली, तू काहीतरी सांग तिला. मी काय सांगणार? माझं स्वतःचं लग्न कॉलेजमध्ये जमलेलं, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव शून्य. पण फोन ठेवल्यावर आत्याची आठवण झाली. आमच्या घराण्यातली ही गोष्ट तुमच्यापैकी निम्म्यांना अर्धवट ठाऊक आहे, उरलेल्यांना मुळीच नाही. म्हणून नीट लिहून काढतेय. भाचीसाठीच लिहितेय, पण जरा लांबून सुरुवात करते.

दोन अनोळखी माणसांनी लग्नाआधी भेटायचं आणि बोलायचं, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाईंचं लग्न १८७३ साली झालं. त्या अकरा वर्षांच्या, ते एकतिशीतले. रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात लग्नाच्या दिवशीचं पहिलं बोलणं सांगितलंय. रानड्यांनी विचारलं, मी कोण, माझं नाव काय, हे तुला माहीत आहे का? मग घरच्या माणसांची चौकशी केली, मग विचारलं, लिहिता-वाचता येतं का? येत नव्हतं. तर त्याच रात्री पाटी घेऊन अक्षरं शिकवायला सुरुवात! पुढे ही बाई केवढी मोठी झाली हे आपण जाणतोच. पण त्या पहिल्या बोलण्याकडे बघा. लग्न आधी, ओळख नंतर. आणि ओळख म्हणजे काय, तर एकाने प्रश्न विचारायचे आणि दुसरीने उत्तरं द्यायची.

मुलगी इतकी लहान असताना वेगळं काही होणं शक्यच नव्हतं. बघायचं काम मोठ्यांचं. मग मुली शिकायला लागल्या, लग्नाचं वय हळूहळू वर सरकलं. १९२९ साली शारदा कायदा आला, १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला. मुलीला चौदा आणि मुलाला अठरा पूर्ण हवीत, असं ठरलं. कायदा धाब्यावर बसवणारे पुष्कळ होते, पण गिरगाव-दादरच्या शिकलेल्या घरांत वय तोवर वाढतच चाललं होतं. आणि मग एक नवीनच अडचण उभी राहिली. आता मुलगी मोठी, मुलगा मोठा, दोघांना आपापली मतं. त्यांना एकमेकांसमोर आणायला तर हवं. कसं आणायचं?

मोठ्यांकडे एकच नमुना होता, परीक्षेचा. तोच त्यांनी वापरला, आणि त्यातून 'मुलगी बघण्याचा कार्यक्रम' तयार झाला. नाव काय, शिक्षण किती, गाणं येतं का, स्वयंपाकात काय काय येतं. प्रश्नांची भाषा बदलली, पण पाटी तीच राहिली.

आता गिरगावात या.

आमची खोली दहा बाय बारा. कोपऱ्यात मोरी, तिच्याजवळ स्टोव्ह आणि डबे, मध्ये एक पडदा. बाहेर सगळ्या मजल्याची मिळून एकच गॅलरी. जानेवारी १९७६. आत्या चोवीस वर्षांची, फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट. मी सहा वर्षांची. त्या दिवशी मुलगा, त्याचे आईवडील, एक काका आणि मध्यस्थ असे पाच जण आले. आमच्याकडचे आजी-आजोबा, आई-बाबा, आत्या आणि मी. अकरा माणसं, १२० चौरस फूट. माणशी अकरा फूटही नाही! खुर्च्या शेजारच्या दोन बिऱ्हाडांतून आणलेल्या, कपबशा तिसऱ्या बिऱ्हाडातून. मला गॅलरीत पिटाळलं होतं, आणि तिथे मजल्यावरची सगळी बायका-पोरं आधीच 'सहज' उभी होती. खिडकी उघडी ठेवावी तर ती बघणार, बंद करावी तर आत जीव गुदमरणार. उघडी ठेवली.

आत्या सांगते, तिने मुलाचा चेहरा पाहिलाच नाही. त्याचे चपला काढलेले पाय पाहिले आणि पोह्यांची बशी पाहिली. पोहे द्यायचे म्हणजे ट्रे घेऊन पाच जणांसमोर पाच वेळा वाकायचं. मग समोरच्या खुर्चीत बसायचं, सगळ्यांचे डोळे आपल्यावर. मुलाची गत तरी काय होती? त्याच्या हातात पोह्यांची बशी. खावं तर दातात कोथिंबीर अडकेल, नाही खाल्लं तर 'आवडले नाहीत का?' बिचाऱ्याने संपूर्ण वेळ एक शेंगदाणा चमच्याने बशीत फिरवला. त्या तासाभरात तो एक वाक्य बोलला. "पाणी मिळेल का?"

बोलले ते त्याचे वडील. आणि ते बोलले म्हणजे अक्षरशः ओरडले. "नोकरी चालू ठेवणार का?" "पगार किती?" "घरी किती देता?" गॅलरीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जावं असा आवाज. आजीचा चेहराच उतरला. पाहुणे गेल्यावर आत्या पडद्याआड जाऊन रडली आणि म्हणाली, "त्या माणसाच्या घरात मी नाही जाणार. पहिल्या दिवशी असा ओरडतो, पुढे काय करील?"

तिच्यासाठी हे नववं स्थळ होतं. आठ ठिकाणी तिला नकार आलेला, या वेळी नकार ती देत होती. घरात सगळे गप्प. तिकडून मात्र दोन दिवसांत होकार आला.

इथे माझ्या आईचं डोकं चाललं. ती म्हणाली, "मुलगा कसा आहे ते कुणाला कळलंय? मुलगा बोललाच कुठे? दोघांना एकदा बाहेर भेटू द्या." आजोबांनी बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरली आणि शेवटी 'बघा' म्हणाले. म्हणजे हो.

आता प्रश्न, भेटायचं कुठे? आईने एकेक जागा कशी बाद केली ते तिने मला पुढे कित्येकदा सांगितलंय, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

पहिली सुचली ती अर्थातच चौपाटी. घरापासून दहा मिनिटं. पण संध्याकाळी अर्धं गिरगाव तिथेच हवा खायला. चार पावलं गेलं की कुणीतरी भेटणार आणि विचारणार, "हे कोण?" शिवाय चौपाटीला आत्या घरच्या अंगणात आणि मुलगा परका, म्हणजे पुन्हा पाहुणा. बाद.

दुसरं इराण्याचं हॉटेल. गिरगाव, ग्रँट रोड, धोबीतलावाला तेव्हा नाक्यानाक्यावर इराणी होता. संगमरवरी टेबल, लाकडी गोल पाठीच्या खुर्च्या, चहा आणि ब्रून-मस्का. बऱ्याच ठिकाणी 'फॅमिली रूम'सुद्धा असायची, म्हणजे आडोशाची बसायची जागा. पण त्याच आडोशाची अडचण. चांगल्या घरातली मुलगी अनोळखी पुरुषाबरोबर आत शिरताना दिसली तर बोभाटा. आणि बाहेर बसावं तर पुन्हा टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर, मध्ये बशी. खोलीतलाच देखावा, फक्त माणसं कमी. बाद.

तिसरी सूचना बाबांची, शिवाजी मंदिरात नाटक. हे आईला आधी पटलं होतं. शेजारी शेजारी बसायचं, बोलायचं दडपण नाही, मध्यंतरात बटाटावडा, नंतर नाटकाबद्दल बोलता येतं. पण मग तिच्या लक्षात आलं की नाटक चालतं तीन तास, त्यात बोलायला मिळतात मध्यंतराची पंधरा मिनिटं, तीसुद्धा वड्याच्या रांगेत. आणि पहिल्या अंकातच नको वाटलं तर? उठून जाता येत नाही. बाद.

चौथी राणीची बाग. जागा ऐसपैस, सावली, बघायला जनावरं. हिला आईने जवळजवळ होकार दिला होता. पण रविवारी तिथे परळ-लालबागची सगळी कुटुंबं पोराबाळांसकट, म्हणजे तिकडे मुलाच्या ओळखीचे भेटणार. चौपाटीची अडचण, फक्त उलटी.

राहिलं दादर. दादर कुणाचंच माहेर नव्हतं. पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे एकत्र येतात, म्हणून कुठल्याही लाइनवरचा माणूस तिथे सारखाच पाहुणा आणि सारखाच घरचा. चर्नी रोडहून आम्ही स्लो गाडीने येणार, मुलगा परळहून. कुणी कुणाच्या दारात जात नाही. आणि दादरला शिवाजी पार्कचा कट्टा.

ज्यांनी तो पाहिला नाही (परदेशातली मंडळी, तुमच्यासाठी) त्यांना सांगते. १९२५ साली महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुलं केलं आणि दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवताली बसता येईल असा बुटका कठडा, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. त्याच्यावर बसायला पैसे पडत नाहीत, काही मागवावं लागत नाही, कुणी उठवत नाही. समोर मैदानात एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे खेळ. आणि मुख्य म्हणजे कट्ट्यावर माणसं समोरासमोर बसूच शकत नाहीत. शेजारी शेजारीच बसतात, आणि दोघांची नजर मैदानाकडे.

आईने हे सगळं असं शब्दांत मांडलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तिथे दोघांना एकमेकांकडे बघावं लागणार नाही. मग बघतील."

फेब्रुवारीतला रविवार, वेळ पाच. वेळही विचार करून ठरवलेली. पाचला ऊन उतरतं आणि साडेसहाला दिवेलागण, म्हणजे दीड तासाने भेट आपोआप संपते. आई-बाबा आत्याला कट्ट्यापर्यंत सोडणार, नमस्कार-चमत्कार करणार, आणि रानडे रोडला 'खरेदी आहे' म्हणून निघून जाणार. साडेसहाला परत. कुणाला 'आता निघू का?' असं विचारायची वेळ येणार नव्हती. खोलीतल्या भेटीत हाच घोळ झाला होता. पाहुणे उठायला तयार, पण यजमान 'बसा हो' म्हणणार, यजमान कंटाळलेले, पण पाहुण्यांना उठणं वाईट दिसणार.

आणि मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. सहा वर्षांची पोर बरोबर असली की लांबून बघणाऱ्याला कुटुंब वाटतं. शिवाय गप्पा अडल्या तर पोरीला हाक मारता येते. जाताना आईने आत्याच्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी दिली. भेळ नाही. भेळ भराभर खावी लागते, नाहीतर मऊ पडते, आणि चटणी सांडते. कुल्फी वितळते. शेंगदाणे एकेक करून तासभर पुरतात, हातांना काम देतात, पुडी पुढे करता येते आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. दातात कोथिंबीर नाही!

मला त्या दिवसातलं फक्त शेंगदाणे आठवतात. बाकीचं आत्याकडून.

"अगं, पहिली पाच मिनिटं आम्ही दोघं एका लेगस्पिनरकडेच बघत होतो. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याचा बॉल एका म्हाताऱ्या माणसाच्या धोतरावर जाऊन आदळला, तेव्हा दोघांनाही हसू आलं. मग मी विचारलं, तुम्ही आलात कसे?"

"चालत."

"परळहून?"

"हो. एल्फिन्स्टनच्या पुलावरून. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होतो. पुलावर सगळं विसरलो."

आत्या म्हणते, तिथेच निम्मं काम झालं. कारण ती स्वतःही गाडीत तेच करत आली होती.

मग तो म्हणाला, अर्धा तास आधीच पोचलो. एरवी भोंग्यावर वेळ कळते, गिरणीच्या टाइम ऑफिसात कामाला आहे ना. आज सुट्टी, भोंगा नाही, म्हणून अंदाज चुकला. आत्याने विचारलं, भोंगा घरात ऐकू येतो? तिला खरंच माहीत नव्हतं. गिरगाव आणि गिरणगाव यांत गाडीची वीसेक मिनिटं, पण ती दोन वेगळी गावं होती. तो म्हणाला, "ऐकू येतो म्हणजे काय, भिंती हलतात. पण बाबांना आता तोही नीट येत नाही. साचेखात्यात तीस वर्षं काढली त्यांनी. शेकडो माग एका वेळी चालू असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं नाहीतर ओठ वाचावे लागतात. कान गेले, आणि आवाज तेवढाच राहिला. तुमच्याकडे त्या दिवशी... मी त्यांना खुणा करत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं."

आत्या सांगते, "मी एकदम गप्प झाले. त्या माणसाला ओरडायचंच नव्हतं. त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि मी आठ दिवस त्याला राक्षस समजत होते."

साडेसहाला आई-बाबा परतले तेव्हा पुडी संपली होती आणि मी कट्ट्यावर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते. झोपलेल्या पोरीमुळे आणखी दहा मिनिटं मिळाली, असं काका आजही म्हणतात. (आत्याचे यजमान, पण आम्ही सगळी त्यांना काकाच म्हणतो.)

आता यात बघण्यासारखं काय आहे? घरच्या भेटीत आणि कट्ट्यावरच्या भेटीत माणसं तीच होती. भेकड मुलगा तोच, धास्तावलेली मुलगी तीच. बदलली ती बसायची तऱ्हा, आणि बदलला तो पहिला प्रश्न.

'पगार किती?', 'छंद काय?', 'स्वयंपाक येतो का?' या प्रश्नांना बरोबर आणि चूक उत्तर असतं. निदान ऐकणाऱ्याला तसं वाटतं. छंद सांगताना माणूस मनात म्हणतो, वाचन म्हणू का? फार पुस्तकी वाटेल का? 'कसे आलात?' या प्रश्नाला चूक उत्तरच नाही. चालत आलात तरी बरोबर, टॅक्सीने आलात तरी बरोबर. आणि मुंबईत या प्रश्नाच्या पोटात माणसाचं सगळं आयुष्य असतं. कुठे राहतो, किती वाजता उठतो, घरात कोण आहे, कशाने दमतो. पगार विचारून काकांच्या वडिलांचे कान कधीच कळले नसते. ते पुलावरून आणि भोंग्यावरून कळले.

मी आत्याला विचारलं, चांगलं चाललंय हे तुला कसं कळलं? ती म्हणाली, "प्रश्न परत यायला लागले." म्हणजे हिने विचारलं, त्याने उत्तर दिलं आणि 'तुमचं काय?' म्हणून उलट विचारलं. आठ स्थळांत ते कधी झालं नव्हतं. दुसरं म्हणजे उत्तरं लांबत गेली. 'चालत' हे एका शब्दाचं उत्तर होतं, साचेखात्याचं दहा वाक्यांचं, आणि ते कुणी विचारलेलं नव्हतं. याच्या उलट, प्रश्न एकाच बाजूने येतायत, उत्तरं तेवढ्याला तेवढी, आणि नजर घड्याळाकडे, असं अर्धा तास चाललं तर समजावं. तेव्हा ताणू नये, शेंगदाणे संपवून उठावं.

पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. कट्ट्यावर सगळं कळत नाही. १९७० साली 'मुंबईचा जावई' नावाचा सिनेमा आला, आणि दोन वर्षांनी त्यावरूनच हिंदीत 'पिया का घर'. दोन्हींचा विषय एकच: चाळीतलं घर, भरपूर माणसं आणि नवीन जोडप्याला निवांतपणा कुठेच नाही. हा प्रश्न आत्यापुढेही होता. परळची खोलीसुद्धा एकच आणि त्यात पाच माणसं. आपण झोपायचं कुठे, हे पहिल्या भेटीत कुठली मुलगी विचारील? तिने ते तिसऱ्या भेटीत विचारलं. विचारलं मात्र नक्की, आणि उत्तर ऐकून मगच होकार दिला. (उत्तर होतं, पोटमाळा. तो काकांनी लग्नाआधी स्वतः करून घेतला.) सोपे विषय अवघड विषयांऐवजी नसतात. अवघड प्रश्न न ओरडता विचारता यावेत, एवढी ओळख करून द्यायला असतात.

आणि काही गोष्टी तर कुठल्याच भेटीत कळत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काकांची गिरणी नंतर पूर्वीसारखी चाललीच नाही. पुढची कित्येक वर्षं ते घर टायपिस्टच्या पगारावर उभं राहिलं. 'नोकरी चालू ठेवणार का?' हा मामंजींचा ओरडून विचारलेला प्रश्न शेवटी फार महत्त्वाचा निघाला, असं आत्या हसत हसत म्हणते. मामंजी तेव्हा रोज संध्याकाळी तिला आणायला स्टेशनवर जायचे आणि लांबूनच हाक मारायचे. सगळं फलाट वळून बघायचं.

असो. तर भाचीबाई, आता तुझ्याकडे येते.

तुझ्या त्या मॉलमधल्या भेटीत काय झालं ते मी ताईकडून ऐकलं. टेबल छोटं, मुलगा समोर, गाण्यांचा आवाज एवढा की दोघंही ओरडत होता. (जिथे साचेखाती होती तिथेच हे मॉल उभे आहेत, म्हणजे परंपरा चालू आहे म्हणायची.) मग बिल कोणी द्यायचं यावर पाच मिनिटं. आणि त्याचा पहिला प्रश्न, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?' अगं, तुझं काही चुकलं नाही. आणि खरं सांगू, त्याचंही फारसं नसेल. तोही भेदरला असेल आणि भेदरलेला माणूस पाठ केलेलं बोलतो. कुणीतरी त्याला पुलावर विसरू द्यायला हवं होतं.

रविवारचा मुलगा डोंबिवलीचा आहे म्हणे. म्हणजे त्याला दादर सरळ पडतं, तुला लालबागहून बस आहे. स्टेशनातल्या गर्दीत भेटू नका, एकमेकांना शोधण्यातच घाम फुटतो. सरळ शिवाजी पार्कला उद्यान गणेशाच्या देवळापाशी भेटा, ते चुकत नाही. वेळ पाचची. दिवस चांगले आहेत, पाऊस नाही. (पावसाळ्यात हे जमत नाही, कट्ट्यावर आडोसा नाही. तेव्हा दादरच्याच एखाद्या मराठी उपाहारगृहात दुपारी साडेतीनच्या सुमाराला जावं, जेवणाची गर्दी सरलेली आणि संध्याकाळची यायची असते, आणि कोपऱ्याचं टेबल घेऊन काटकोनात बसावं. आणि सहा डिसेंबर किंवा दसरा जवळ असेल तर शिवाजी पार्कचं नावच नको.) साडेसहाला मला फोन करायचा, असं त्याला आल्या आल्याच सांगून टाक, म्हणजे उठायची वेळ ठरलेली राहील. कुठे आहेस ते आईला माहीत असू दे. आधी चक्कर मारलीत तरी चालेल, सव्वा किलोमीटरला चालत वीस मिनिटं पुरतात, आणि चालतानाही माणसं शेजारी शेजारीच असतात.

हल्ली तिथे धूळ फार उडते अशी तक्रार आहे, तेव्हा पांढरं काही घालू नकोस. बाकी मैदान तसंच आहे. लेगस्पिनर कुणीतरी असेलच.

आणि विचारायचं काय, तर आधी विचार, कसा आलास?

तो जर म्हणाला 'फास्ट लोकलने', तर डोंबिवलीला चढायला मिळालं का, हे विचार. डोंबिवलीच्या माणसाला या विषयावर बोलताना मी आजवर थांबलेलं पाहिलेलं नाही. नाहीच बोलला, तर शेंगदाणे खा, खेळ बघ आणि साडेसहाला मला फोन कर. काहीच बिघडत नाही.

काल आत्याला फोन करून विचारलं, हे सगळं लिहू का? ती म्हणाली, लिही. मग मागे काकांना ओरडून विचारलं, "लिहू दे ना हो तिला?" त्यांनाही आता कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "काय? पाणी?"

तुमच्या घरात अशी कुणाची पहिली भेट झाली असेल, तर कुठे झाली आणि पहिला प्रश्न काय होता, ते मला जरूर कळवा. मोठी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.